पन्नास लाख डॉलर आणि सातव्या नंबरचा माणूस

परवा जुनी हार्डडिस्क साफ करताना `lilav2008.xls` नावाची फाइल सापडली. उघडली तर आत आठ शीट्स, आयपीएलच्या पहिल्या आठ संघांची एकेक. फेब्रुवारी २००८ मध्ये ऑफिसात आम्ही पाच-सहा जणांनी मिळून ती बनवली होती. बिल्ड चालू असताना दुसरं करायचं तरी काय! कोणाचा संघ तगडा ह्यावर पैज लावायची होती, म्हणून प्रत्येकाने नावासमोर दहापैकी गुण दिले होते. बेरजेत मुंबई आणि हैदराबाद सगळ्यात वर. तळाशी राजस्थान.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. १ जून २००८ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर राजस्थानने शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरवून पहिली आयपीएल जिंकली. मुंबई पाचवी आली. हैदराबादचा डेक्कन चार्जर्स चौदापैकी दोन सामने जिंकून शेवटचा.

तेव्हा आम्ही सगळे "वॉर्नची जादू" म्हणून मोकळे झालो. पैज हरल्याचे वडापाव खाल्ले आणि विषय संपला. पण आता इतक्या वर्षांनी ती फाइल बघताना लक्षात आलं की चूक आमच्या गुण देण्यात नव्हतीच, गुणांची बेरीज करण्यात होती. खर्चाला मर्यादा असली की संघ बांधणं ही नावांची बेरीज राहत नाही. ती वजाबाकी होते. आणि ती कशी होते हे बघायला २००८ च्या त्या लिलावाइतकं स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही.

मुळात नियम काय होता

२० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत लिलाव झाला. हातोडा रिचर्ड मॅडली नावाच्या इंग्रज लिलावकर्त्याच्या हातात. त्याआधी जानेवारीत संघ विकले गेले होते. सगळ्यात महाग मुंबई, ११ कोटी १९ लाख डॉलर. सगळ्यात स्वस्त राजस्थान, ६ कोटी ७० लाख. म्हणजे मालकांच्या खिशात फरक होता. पण खेळाडू घ्यायला मात्र सगळ्यांना सारखीच मर्यादा, पन्नास लाख डॉलर. तेव्हाच्या चाळीस रुपयांच्या भावाने वीस कोटी. अगदीच हात आखडता घेऊ नये म्हणून खालूनही एक मर्यादा होती, तेहतीस लाख डॉलर.

इथपर्यंत सोपं आहे. गंमत "आयकॉन" ह्या प्रकारात होती. पाच शहरांचे पाच लाडके खेळाडू लिलावात आलेच नाहीत. सचिन मुंबईला, गांगुली कोलकात्याला, द्रविड बंगळुरूला, सेहवाग दिल्लीला, युवराज मोहालीला. ह्यांना बोली न लावता देऊन टाकलं. मग त्यांना पगार किती? तर संघात ज्याला सर्वात जास्त बोली लागेल, त्याच्यापेक्षा १५ टक्के जास्त. आयकॉनचा मान राहिला पाहिजे ना!

आता ह्यात इंजिनियरच्या डोळ्याला लगेच काहीतरी खुपतं. आयकॉनचा पगार हा स्थिर आकडा नाही, तो दुसऱ्या सेलवर अवलंबून आहे. तुम्ही कोणाची तरी बोली वाढवली की तुमच्या आयकॉनचाही पगार आपोआप वाढतो. आतापर्यंतची तुमची सर्वात मोठी खरेदी H असेल आणि त्याहून मोठी b ही बोली लावायची असेल, तर खरा जादा खर्च असा:

```
extra = b + 1.15 * (b - H)
```

लिलावाच्या सुरुवातीला H शून्य असतो. म्हणजे पहिल्या मोठ्या खेळाडूवर तुम्ही एक डॉलर लावलात की पर्समधून सव्वादोन डॉलरच्या आसपास जाणार.

धोनीचं गणित

महेंद्रसिंग धोनी लिलावात लवकर आला. तो कोणाचाच आयकॉन नव्हता. बोली चढत गेली, मुंबईही शर्यतीत होती, आणि शेवटी चेन्नईने त्याला पंधरा लाख डॉलरला घेतलं. त्या दिवसाची ती सर्वात मोठी बोली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात "सहा कोटींचा धोनी" असा मथळा होता आणि आमच्या कॅन्टीनमध्ये तेवढीच चर्चा. मुंबईने पैसे असून का सोडलं, असं सगळे म्हणत होते.

करून बघा हिशेब. मुंबईने त्याला पंधरा लाखांना घेतलं असतं, तर सचिनला सतरा लाख पंचवीस हजार द्यावे लागले असते. दोघांचे मिळून बत्तीस लाख पंचवीस हजार. पन्नास लाखांतले उरले पावणेअठरा लाख, त्यात बाकीचा अख्खा संघ. चेन्नईला मात्र आयकॉनच नव्हता. त्यांना धोनी पंधरा लाखांनाच पडला आणि पस्तीस लाख शिल्लक राहिले. म्हणजे एकाच माणसाची किंमत एका संघासाठी पंधरा लाख आणि दुसऱ्यासाठी सव्वाबत्तीस लाख. बोलीच्या फलकावर मात्र दोघांनाही तोच आकडा दिसत होता.

मुंबई तिथे थांबली ते बरोबरच केलं. पण पुढे त्यांनी जयसूर्याला पावणेदहा लाखांना घेतलं. त्याबरोबर सचिनचा पगार ठरला ११,२१,२५०. मग हरभजन साडेआठ लाख, रॉबिन उथप्पा आठ लाख. चौघांची बेरीज ३७ लाख ४६ हजार २५०. पन्नास लाखांतला जवळजवळ तीनचतुर्थांश भाग चार माणसांत गेला.

इथेच आमची एक्सेल फसली. आम्ही चौघांना दहापैकी नऊ-नऊ गुण दिले आणि खूश झालो. उरलेल्या सात जागांना किती पैसे उरले, हा कॉलमच फाइलमध्ये नव्हता.

क्रिकेटमध्ये हे जास्त का बोचतं

बास्केटबॉलमध्ये पाच जण मैदानात असतात. तिथला स्टार जवळजवळ पूर्ण वेळ खेळू शकतो आणि चेंडू हवा तितक्या वेळा हातात घेऊ शकतो. क्रिकेटमध्ये तसं नाही. ट्वेंटी-२० त तर नाहीच नाही. एक गोलंदाज जास्तीत जास्त चार षटकं टाकणार. जगातला सर्वोत्तम गोलंदाज विकत घ्या, सगळी पर्स त्याच्यावर ओता, तरी वीसातली सोळा षटकं दुसऱ्या कोणीतरी टाकायचीच आहेत. म्हणजे किमान पाच गोलंदाज लागतातच, आणि समोरचा संघ काय मूर्ख नसतो. तो तुमच्या स्टारची चार षटकं सांभाळून खेळतो आणि पाचव्याला बडवतो.

त्यात अकरांत फक्त चार परदेशी. उरलेले सात भारतीय, आणि आंतरराष्ट्रीय दर्जाच्या भारतीयांचे भाव लिलावात आधीच गगनाला भिडलेले. मग खरी परीक्षा कुठे होते? सहाव्या-सातव्या नंबरचा भारतीय फलंदाज आणि चौथा-पाचवा भारतीय गोलंदाज. ही ती माणसं, ज्यांची नावं आम्हाला फाइल भरताना आठवतही नव्हती.

ह्याचं सगळ्यात जिवंत उदाहरण म्हणजे २४ एप्रिल २००८ चा हैदराबादचा सामना. डेक्कन चार्जर्सकडे अँड्र्यू सायमंड्स होता, साडेतेरा लाख डॉलरचा, त्या लिलावातला सर्वात महाग परदेशी. जोडीला गिलख्रिस्ट, रोहित शर्मा, गिब्स, आफ्रिदी. (लक्ष्मणने तर स्वतःचं आयकॉनपद सोडलं होतं, संघाला पैसे मोकळे मिळावेत म्हणून!) त्या दिवशी सायमंड्सने ५३ चेंडूंत नाबाद ११७ ठोकल्या. डेक्कन २१४. पैसे वसूल म्हणाल तर शंभर टक्के.

मग राजस्थान खेळायला आलं. ग्रॅमी स्मिथ ७१, युसुफ पठाण ६१. शेवटच्या षटकात १७ हव्या होत्या. ते षटक टाकायला चेंडू कोणाच्या हातात? सायमंड्सच्याच. आणि समोर शेन वॉर्न. वॉर्नने चौकार मारला, मग षटकार, मग आणखी एक षटकार. एक चेंडू राखून सामना खिशात.

मला तो सामना पुन्हा पुन्हा आठवतो. ज्या माणसाने शतक काढलं, त्यालाच शेवटचं षटकही टाकायला लागलं. महागड्या माणसाने सगळं केलं आणि तरी संघ हरला. ज्यानं ते षटक विश्वासाने टाकलं असतं असा एक साधा, नाव नसलेला गोलंदाज, ही खरी उणीव होती. आणि सायमंड्स तरी किती दिवस मिळणार होता? त्या मोसमात तो एकूण चारच सामने खेळला, मग ऑस्ट्रेलियाच्या कामाला निघून गेला.

राजस्थानने काय केलं

आता तळाच्या शीटकडे येऊ. २० फेब्रुवारीला राजस्थानने घेतलेले आठ जण आणि त्यांच्या बोल्या अशा. मोहम्मद कैफ पावणेसात लाख. स्मिथ आणि युसुफ पठाण प्रत्येकी पावणेपाच. वॉर्न साडेचार, तोही मूळ किमतीला, कारण दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही. मुनाफ पटेल पावणेतीन, युनूस खान सव्वादोन, जस्टिन लँगर दोन, कामरान अकमल दीड. बेरीज २९ लाख २५ हजार. म्हणजे वरची मर्यादा सोडा, खालची तेहतीस लाखांचीही गाठली नव्हती! आम्ही ऑफिसात ह्यावर किती हसलो होतो म्हणून सांगू. "मालक मारवाडी हिशेब करतोय" वगैरे.

मार्चच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी शेन वॉटसनला सव्वा लाखाला आणि सोहेल तन्वीरला एक लाखाला घेतलं. वॉटसन म्हणजे तेव्हा सतत दुखापतींनी बेजार असलेला माणूस, आणि तन्वीर म्हणजे उलट्या पायाच्या विचित्र ॲक्शनचा गोलंदाज.

आता चार परदेशींच्या त्या जागांचा हिशेब मांडा. स्मिथ, वॉटसन, वॉर्न, तन्वीर. चौघांचे मिळून साडेअकरा लाख. एकटा सायमंड्स साडेतेरा लाखांचा होता. वॉटसनने ४७२ धावा आणि १७ बळी घेऊन मालिकावीराचा मान मिळवला. तन्वीर २२ बळींसह सर्वात यशस्वी गोलंदाज ठरला, त्यात चेन्नईविरुद्ध १४ धावांत ६.

पण मला ह्याहून महत्त्वाची वाटते ती कैफची गोष्ट. कैफ हा राजस्थानचा सर्वात महाग खेळाडू आणि त्या मोसमात त्याची बॅट काही चालली नाही. म्हणजे त्यांचीही सर्वात मोठी खरेदी चुकलीच की! फरक इतकाच की ती चूक मर्यादेच्या साडेतेरा टक्क्यांची होती. मुंबईची तशी चूक झाली असती तर ती बावीस टक्क्यांची. खोली असलेला संघ म्हणजे चुका न करणारा संघ नव्हे. चुकांची किंमत कमी असलेला संघ. आपण सर्व्हरच्या बाबतीत हेच म्हणतो ना, की एखादं मशीन पडणार हे गृहीत धरा, प्रश्न फक्त तेव्हा काय होतं हा.

आणि लिलावाच्या बाहेरची मुलं. देशासाठी न खेळलेल्या खेळाडूंना संघ थेट करारावर घेऊ शकत होते, छोट्या रकमेत. त्यातलाच एक गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर. छोट्या चणीचा सलामीवीर, रणजीत गोव्याकडून खेळणारा. गोव्याची रणजी कोण बघतं? कोणीतरी बघितली होती. राजस्थानने त्याला स्मिथबरोबर सलामीला पाठवलं आणि त्याने नऊ सामन्यांत ३११ धावा काढल्या. फाइलमध्ये त्याच्यासमोर आमचे गुण शून्य आहेत. कारण त्याचं नावच नाही.

अंतिम सामन्यात स्मिथ दुखापतीमुळे नव्हता. निरज पटेल नावाचा गुजरातचा मुलगा सलामीला आला, दोन धावांवर गेला. अकमल गेला. कैफ गेला. आणि तरी १६४ झाल्या, कारण युसुफ पठाणने आधी २२ धावांत ३ बळी घेतले होते आणि मग ५६ काढल्या. शेवटची विजयी धाव नवव्या नंबरच्या तन्वीरने काढली. समोर वॉर्न उभा.

मुंबईचं काय झालं

इथे मला थोडं जपून लिहिलं पाहिजे, कारण "मुंबईकडे खोली नव्हती म्हणून हरली" हे वाक्य सोपं आहे आणि अर्धंच खरं आहे.

मोसम सुरू झाला तेव्हा सचिन जांघेच्या दुखापतीने बाहेर. पहिले सात सामने तो खेळलाच नाही. त्याच्या जागी कर्णधार हरभजन. आणि २५ एप्रिलला मोहालीत हरभजनने श्रीशांतच्या थोबाडीत दिली. उरलेला अख्खा मोसम बंदी. दोघांचे पगार मिळून १९ लाख ७१ हजार, म्हणजे पर्सचा ४० टक्क्यांच्या जवळचा भाग ड्रेसिंग रूममध्ये किंवा घरी. पहिले चारही सामने मुंबई हरली.

पण त्यानंतर? शॉन पोलॉक कर्णधार असताना मुंबई जिंकू लागली आणि ओळीने सहा सामने जिंकली. पहिले तीन तर दोघांशिवायच. १४ मे ला सचिन परतला त्या दिवशी जयसूर्याने चेन्नईविरुद्ध ४८ चेंडूंत नाबाद ११४ मारल्या. म्हणजे स्टारवर पैसे लावणं वाया गेलं असं कोण म्हणेल? मग शेवटच्या टप्प्यात तीन सामने अगदी थोडक्यात गेले, त्यातला एक पंजाबविरुद्ध वानखेडेवर एका धावेने. मुंबईचे १४ गुण झाले. चौथ्या दिल्लीचे १५. एका गुणाने उपांत्य फेरी हुकली.

तर माझं म्हणणं एवढंच, की महाग चौकडीने मुंबईला जिंकून पण दिलं आणि सुरुवातीच्या चार पराभवांची भरपाई करायला जागा पण ठेवली नाही. सतराव्या मिनिटाला स्टार पडला तर काय, ह्याचं उत्तर संघाकडे मे महिन्यात आलं. ते एप्रिलमध्ये हवं होतं.

मी आता कुठलाही संघ बघताना एक साधी चाचणी करतो. यादीतले सर्वात महाग दोघं झाकायचे आणि उरलेल्यांतून अकरा जण काढायचे. पाच गोलंदाज होतात का? सातव्या नंबरला फलंदाज आहे का, की कोणीतरी "थोडी बॅटिंग येते" असा? २००८ च्या राजस्थानवर कैफ आणि स्मिथ झाकले तरी संघ उभा राहतो. अंतिम सामन्यात जवळपास तेच घडलं. डेक्कनवर हीच चाचणी केली तर गोलंदाजीचे पाच मोजतानाच अडखळायला होतं.

मग चेन्नईचं काय?

तुम्ही म्हणाल, धोनीवर पंधरा लाख टाकणारं चेन्नई पण अंतिम सामन्यात होतंच की. होतं. आणि पुढे अनेक वर्षं होतं. पण धोनी किती जागा भरत होता ते मोजा. कर्णधार, यष्टिरक्षक, आणि शेवटच्या षटकांतला फलंदाज. शिवाय पूर्ण मोसम हजर. पंधरा लाखांना तीन कामं म्हणजे एका कामाला पाच लाख. हा त्या लिलावातला महाग सौदा नव्हता, बहुतेक सर्वात स्वस्तातल्यांपैकी एक होता. वॉर्नचंही तसंच. गोलंदाज, कर्णधार आणि प्रशिक्षक, तिन्ही साडेचार लाखांत. आणि निवृत्त झालेला असल्यामुळे देशाचं बोलावणं येण्याची भीतीच नाही.

म्हणून स्टार की खोली, हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. किंमत माणसामागे नाही, जागेमागे मोजायची. एकच जागा भरणारा स्टार मर्यादेखाली फार महाग पडतो. तीन जागा भरणारा स्टार स्वतःच खोली असतो.

आयोजकांनाही आयकॉनच्या त्या फॉर्म्युल्यातला घोळ कळला असावा. २०११ च्या मोठ्या लिलावाआधी तो प्रकारच गेला. मर्यादा नव्वद लाख झाली आणि चार जणांपर्यंत जुने खेळाडू ठेवायची मुभा मिळाली, पण पर्समधून ठरलेली वजावट होऊन. पहिल्याचे १८ लाख, मग १३, ९ आणि ५. चौघे ठेवले की अर्धी पर्स गेली. आता निदान आकडा आधी कळत होता. मुंबई आणि चेन्नईने चौघे ठेवले, आणि २०११ ची स्पर्धा चेन्नईने जिंकली.

स्वस्ताईची दुसरी बाजू

इथे थांबलो असतो तर राजस्थानची आरती होऊन पोस्ट संपली असती. पण २००९ पण झालं. तन्वीर नव्हता, कारण मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी खेळाडू आले नाहीत. वॉटसन ऑस्ट्रेलियाकडे. अस्नोडकरला गोलंदाजांनी वर्षभरात ओळखलं, त्याची बॅट थंडावली. राजस्थान सहावं. स्वस्तात मिळालेली माणसं स्वस्त का असतात? कारण त्यांच्याबद्दल कोणाला खात्री नसते. कधी खात्री नसणं ही दुसऱ्यांची चूक असते आणि कधी ती बरोबर असते. एका मोसमात दोन्ही सारखंच दिसतं.

आणि एक रवींद्र जडेजा. मार्च २००८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या संघाचा उपकर्णधार. त्या मुलांचा लिलाव झाला नाही, संघांनी पाळीपाळीने निवड केली आणि पगार आधीच ठरलेला, छोटा. राजस्थानच्या खोलीतला हा एक मोठा तुकडा. त्याच्यासाठी किती संघ किती देतील, हे विचारायची सोयच नव्हती. करार संपला तेव्हा त्याने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करायचा प्रयत्न केला, आणि २०१० चा अख्खा मोसम त्याच्यावर बंदी आली. मग २०११ मध्ये तो लिलावात आला, कोचीने साडेनऊ लाखांना घेतला. २०१२ मध्ये चेन्नईने वीस लाख डॉलरला, त्या लिलावातला सर्वात महाग.

नियम मोडला म्हणून बंदी, हे ठीकच. पण मी कंपनीत दर दोन वर्षांनी ऑफर लेटर दाखवून पगार वाढवून घेणारा माणूस. मला त्या एकवीस वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवणं जमत नाही. संघ बांधण्याच्या गोष्टीत आपण "केवढ्याला मिळाला!" म्हणून टाळ्या वाजवतो. तो आनंद ज्याच्या जिवावर असतो, तो त्याच फाइलमधली एक ओळ असतो. किंवा अस्नोडकरसारखा, फाइलमध्ये नसलेली.

असो. मी त्या शीटमध्ये एक नवीन कॉलम टाकलाय, "किती जागा भरतो". जुने गुण तसेच ठेवलेत, आमच्या शहाणपणाची आठवण म्हणून. तुमच्याकडे तेव्हाच्या पैजा असतील तर सांगा. आमचा राजस्थानवर पैसे लावणारा एकमेव मित्र हल्ली मेलबर्नला असतो, आणि अजूनही दर १ जूनला न चुकता मेल टाकतो: "वडापाव बाकी आहे."